ही शांतता कोणाच्या नावावर?

दोन माणसं बोलता बोलता थांबली की तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला दोघांपैकी एकाला राहवत नाही. मग "बाकी काय?" येतं, "फार उकडतंय नाही हल्ली?" येतं, नाहीतर हात फोनकडे जातो. या प्रकाराबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक माणसाच्या स्वभावावर बोट ठेवणारं असतं. आजच्या माणसाला स्वतःबरोबर राहता येत नाही, त्याला रिकामेपणाची भीती वाटते, फोनने त्याची सवय बिघडवली. निदान स्वभावाचं म्हटल्यावर उपायही स्वभावाचेच सुचवले जातात. एक सांगतो, शांततेची सवय करा. दुसरा सांगतो, गप्पा मारायला शिका.

मला हे निदानच चुकलेलं वाटतं. हीच माणसं प्रवासात शेजारी शेजारी तासभर एक शब्द न बोलता बसतात, ग्रंथालयात बसतात, रांगेत उभी राहतात, आणि कोणी अवघडत नाही. संभाषण सुरू झालं आणि ते संपलंय असं कोणी म्हटलेलं नाही, अशा मधल्याच जागी पडलेल्या शांततेने मात्र दोन सेकंदांत जीव वरखाली होतो. तेव्हा प्रश्न शांतता सोसण्याच्या ताकदीचा नाही. संभाषण कसं चालतं, त्यात पाळी कशी फिरते आणि ती फिरायची थांबली की काय होतं, हे पाहिलं तरच या अवघडलेपणाचा उलगडा होतो.

बोलण्याचं वेळापत्रक आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार काटेकोर असतं. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधली रोजची संभाषणं तपासली. त्यात जपानी, कोरियन, डॅनिश, इटालियन, लाओ होत्या, मेक्सिकोतली त्सेल्तालही होती. हो किंवा नाही असं उत्तर मागणाऱ्या प्रश्नानंतर उत्तर यायला लागलेला वेळ सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी बोलणाऱ्यांचं उत्तर जवळजवळ लगेच येत होतं, डॅनिश बोलणारे सगळ्यांत सावकाश होते, पण त्यांचीही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आतच होती. मितभाषी समजले जाणारे समाज आणि बोलके समाज यांच्यातला फरक एवढाच.

आता दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा. समोर चित्र दाखवून त्यातल्या वस्तूचं नाव सांगायला लावलं, तर डोक्यात शब्द सापडून तो तोंडातून बाहेर पडायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला एवढा वेळ लागत असताना पूर्ण उत्तर २०० मिलिसेकंदांत येतं, याचा अर्थ ऐकणारा वाक्य संपायची वाट पाहत नाही. समोरच्याचं वाक्य कुठे संपणार हे तो आधीच ओळखतो आणि ते चालू असतानाच आपलं उत्तर जुळवू लागतो. सगळे असंच करतात, म्हणून सगळ्यांची अपेक्षाही तशीच तयार होते. उत्तर अर्ध्या-पाऊण सेकंदाने उशिरा आलं की विचारणाऱ्याला तो उशीर जाणवतो आणि त्यातून तो काहीतरी अर्थ काढतो.

तो अर्थ नेहमीच काल्पनिक असतो असंही नाही. कोबिन केंड्रिक आणि फ्रान्सिस्को तोरेरा यांनी २०१५ साली इंग्रजी फोन-संभाषणांमधल्या विनंत्या, आमंत्रणं आणि देऊ केलेली मदत यांच्या उत्तरांचा वेळ मोजला. शांतता ७०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की होकारापेक्षा नकार, सबब किंवा आढेवेढे येण्याची शक्यता वाढलेली दिसली. म्हणजे उशिरातून नकार वाचण्याची सवय अनुभवातूनच आलेली आहे. फक्त ती प्रत्येक वेळी बरोबर ठरत नाही, आणि नुकसान होतं ते तिथेच.

हा प्रसंग घ्या.

"रविवारी सामान हलवायचंय. येशील का मदतीला?"

इथे पाऊण-एक सेकंद शांतता.

"म्हणजे, जमलं तर हं. नाहीतर बघतो मी दुसरं कोणी."

"हं... बघतो, सांगतो तुला."

या चार ओळींत काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. पहिल्या प्रश्नानंतर ऐकणारा कदाचित रविवारी आणखी काय काय आहे ते आठवत होता. विचारणाऱ्याने त्या सेकंदात नकार वाचला आणि आपलीच विनंती स्वतः खाली आणली. आता समोरच्यापुढे मूळ प्रश्न राहिलाच नाही. "येशील का?" या प्रश्नाला "हो" हे सोपं उत्तर होतं; "नाहीतर बघतो दुसरं कोणी" याला "बघतो, सांगतो" हे सोपं उत्तर आहे. आलेला नकार विचारणाऱ्याने स्वतः तयार केलेला आहे, पण तो निघताना मनाशी हेच म्हणतो की याला यायचं नव्हतंच. शांतता भरण्याची ही घाई निरुपद्रवी गप्पांपुरती थांबत नाही, ती निर्णय बदलते. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रश्न विचारल्यावर तुमच्याच तोंडून "म्हणजे", "नाही, तसं काही नाही", "किंवा मग" यांपैकी काही बाहेर पडलं आणि मध्ये समोरचा काहीच बोलला नसेल, तर तुम्ही त्याच्या पाळीत बोलत आहात.

ही झाली प्रश्नानंतरची शांतता. तिला मालक असतो: उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलं असतं. लोक ज्या अवघडलेपणाबद्दल जास्त बोलतात ती शांतता वेगळी, विषय संपल्यावरची. तिची घडण समजायला हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली मांडलेले पाळीचे नियम उपयोगी पडतात. एकाचं वाक्य पूर्ण होण्याच्या जागी तीन शक्यता असतात, आणि त्या याच क्रमाने येतात. बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला असेल, म्हणजे प्रश्न विचारला, नाव घेतलं किंवा त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने बोलायचं. निवडला नसेल तर जो आधी सुरू करेल त्याची पाळी. कोणीच सुरू केलं नाही तर आधीचाच बोलणारा पुढे चालू ठेवू शकतो. तिन्ही शक्यता वाया गेल्या की जी शांतता पसरते तीच ही.

दोन तोंडओळखीची माणसं तिसऱ्याची वाट पाहत उभी आहेत असं धरा. एकाच्या नव्या कामाबद्दल बोलणं झालं.

"मग जमलं म्हणायचं."

"हो, जमलं."

"छान झालं."

"हं."

विषय संपत आल्याच्या खुणा या चार ओळींत स्पष्ट आहेत. नवी माहिती येत नाही, आधीचेच शब्द परत येतात, आवाज उतरत जातो, आणि शेवटी "छान" असा शेरा पडतो, ज्याला फक्त संमतीच देता येते. पहिला एक सेकंद कोणाला काही वाटत नाही. एकमेकांच्या बोलण्यात साधारण सेकंदभराची शांतता चालते, हे गेल जेफरसन यांनी संभाषणांच्या नोंदींवरून दाखवलं होतं. त्यानंतर नजरा बाजूला जातात. मग कोणीतरी श्वास आत घेतो, ओठ उघडतो, घसा साफ करतो, म्हणजे बोलायची तयारी दाखवतो; ती पाहून दुसरा थांबतो. पहिलाही बोलत नाही. आता शांततेत आणखी एक गोष्ट मिसळते: दोघांनाही कळलेलं असतं की दुसऱ्यालाही ही शांतता कळली आहे. बोलण्याची जबाबदारी दोघांवर सारखीच, म्हणून कोणावरच नाही, आणि प्रत्येक सेकंदाबरोबर मोडण्यासाठी लागणारं वाक्य जास्त वजनदार असायला हवं असं वाटू लागतं. शेवटी दोघं एकदमच बोलतात, "बोला, बोला" होतं आणि पुन्हा शांतता.

याच वेळी त्यांच्यापैकी एकजण पिशवीतून काही काढत असता, किंवा दोघं मिळून एखादं टेबल उचलत असते, तर हीच चार सेकंदं कोणाच्या लक्षातही आली नसती. हात कामात असले की शांततेला कारण मिळतं. म्हणूनच अवघडलेल्या क्षणी लोक पाण्याचा घोट घेतात, घड्याळ पाहतात, फोन काढतात. फोन पाहणारा प्रत्येक माणूस त्या क्षणी फोनच्या आहारी गेलेला असतो असं मी मानत नाही. पुष्कळदा तो शांततेला कारण शोधत असतो.

आणि हवामानाची गोष्ट? फुटकळ गप्पांची चेष्टा करणाऱ्यांनी त्या विषयांची निवड नीट पाहिलेली नसते. पावसाबद्दल किंवा उकाड्याबद्दल दोघांनाही सारखंच माहीत असतं, कोणाचं अज्ञान उघडं पडत नाही. कोणाच्या खाजगी गोष्टीला हात लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला संमती देता येते, आणि संमती ही सगळ्यांत जलद येणारी प्रतिक्रिया आहे. विस्कटलेली लय परत बसवायची तर लगेच उत्तर येईल असं वाक्य टाकावं लागतं, आणि असं वाक्य दोघांसमोर जे आहे त्याबद्दलचंच असतं. माणसं एकमेकांच्या सोबतीची खात्री करून घेण्यासाठी असं बोलतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ सालीच लिहिलं होतं. या बोलण्याला पोकळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ते ज्या कामासाठी असतं ते काम ते चोख करतं.

पण त्याची मर्यादाही त्याच गुणात आहे. संमती मिळाली की विषय संपतो. "फार उकडतंय." "हो ना." आता पुढे काय? पुन्हा शांतता, आणि ही दुसरी शांतता पहिलीपेक्षा लवकर टोचते, कारण आता एक उपाय करून झालेला असतो. नवनवे विषय एकामागून एक टाकत गेलं की बोलणं मुलाखतीसारखं तुटक होतं. इथे जास्त उपयोगी पडते ती उलटी चाल, म्हणजे नवा विषय न आणता आधीच्या बोलण्यातला सुटलेला धागा उचलणं. "मघाशी तुम्ही म्हणालात की आधीचं काम तुम्हीच सोडलंत. ते कसं ठरवलंत?" या वाक्याला एका संमतीत संपणारं उत्तर नाही, आणि मधली शांतता त्या वाक्यामुळे मागे जाऊन बदलते: समोरच्याला वाटतं, हा मघापासून माझ्याच बोलण्याचा विचार करत होता.

शांततेचा अर्थ असा मागाहून ठरू शकतो याला पुरावाही आहे. एमा टेम्पल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मित्रांमधली आणि अनोळखी माणसांमधली दोन सेकंदांहून लांब शांतता तुलनेसाठी घेतली. अनोळखी माणसांना त्या क्षणी दुरावा वाटत होता. मित्रांना त्याच क्षणी अधिक जवळीक वाटत होती, आणि त्यांच्या बोलण्यात अशा जागा जास्तही होत्या. बाहेरून ऐकणाऱ्या परीक्षकांनाही फक्त अनोळखींचीच शांतता अवघड वाटली. मित्रांच्या शांततेत मनापासूनचं हसू जास्त सापडलं, आणि तिच्यानंतर विषय बदलण्याचं प्रमाण कमी होतं. सेकंद तेच, पण मित्रांच्या बाबतीत त्या सेकंदांना नात्याचा निकाल द्यायचा नव्हता.

म्हणजे मुळाशी आहे ती नात्याची अनिश्चितता. पण अनिश्चितता आली की बोलायलाच हवं, हे मात्र माणसाच्या रक्तात नाही. मानववंशशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या पश्चिमी अपाची लोकांबद्दल १९७० साली लिहिलं. तिथे लोक नेमके कधी गप्प राहतात? अनोळखी माणूस भेटला की, प्रेमाच्या सुरुवातीच्या भेटींत, दूरच्या शाळेतून मुलं घरी परत आली की, कोणी शोकात असलं की. या सगळ्या प्रसंगांत समोरच्याशी आपलं नातं आता काय आहे, तो आता कसा वागेल, हे स्पष्ट नसतं. इतर ठिकाणी लोक ज्या क्षणी तोंड उघडण्याची घाई करतात, त्याच क्षणी तिथे गप्प राहणं हे शहाणपणाचं आणि सभ्यपणाचं मानलं जात होतं. मुलं घरी आल्यावर आईवडील त्यांच्यावर प्रश्नांचा मारा करत नसत. मुलं कशी बदलली आहेत हे ऐकून घेत, आणि मोठ्यांचं बोलणं हळूहळू वाढत जाई. तेव्हा पाळीचं वेळापत्रक बहुतेक सगळीकडे सारखं दिसत असलं, तरी ते मोडल्यावर काय समजायचं हे शिकलेलं असतं. जे शिकलेलं आहे ते बदलता येतं.

आता माझा मुख्य मुद्दा. ते बदलण्याचं काम आपण चुकीच्या माणसावर टाकतो. बुजऱ्या मुलाला सांगतो, बोलायला शीक. मुलाखतीला आलेल्याला सांगतो, अडखळू नकोस. हा भार ज्याच्या हातात संभाषणाची सूत्रं आहेत त्याने उचलायला हवा: शिक्षकाने, बैठक चालवणाऱ्याने, तपासणाऱ्या डॉक्टरने, मुलाखत घेणाऱ्याने. शांततेला कारण देण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो. विद्यार्थी वर्गात "थांबा, मी विचार करतोय" म्हणू शकेल, पण तसं म्हणायला त्याला धाडस लागतं. शिक्षकाला "दहा सेकंद कोणी हात वर करू नका, फक्त विचार करा" म्हणायला काहीच लागत नाही.

वर्गाचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण तिथलं मोजमाप सर्वांत जुनं आणि स्पष्ट आहे. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर किंवा त्याहूनही कमी थांबतात. मग प्रश्न पुन्हा विचारतात, सोपा करतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. म्हणजे मघाच्या सामान हलवण्याच्या प्रसंगातली चूक वर्गात दिवसभर होत राहते. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरं लांब आणि कारणांसह येऊ लागली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली.

रो यांच्या कामातला जो भाग सहसा विसरला जातो तो दुसऱ्या थांब्याचा. मुलाने उत्तर दिल्यावर शिक्षक लगेच "छान" किंवा "बरोबर" म्हणतात. मुलाचं वाक्य संपलेलं असतं, विचार संपलेला नसतो. "छान" हा शेरा विषय बंद करतो, आणि पुढचं जे कारण किंवा दुरुस्ती येणार होती ती तोंडातच राहते. उत्तरानंतरही तीन सेकंद थांबलं तर मूल स्वतःच "पण" म्हणून पुढे जातं, किंवा दुसरं मूल त्याला जोडतं. शिक्षक-प्रशिक्षणात हा थांबा घड्याळ लावून, ध्वनिमुद्रण ऐकून शिकवायला हवा. "मुलांना वेळ द्या" एवढं सांगून काही होत नाही, कारण विचारणाऱ्याला एक सेकंद तीन सेकंदांसारखा वाटतो. त्याच्या अंदाजावर विसंबता येत नाही. सुरुवातीला मनात एक ते पाच सावकाश मोजावं, किंवा प्रश्न विचारून झाल्यावर तो फळ्यावर लिहावा. लिहिताना हात कामात असतो, पाठ वर्गाकडे असते, आणि शांततेला कारण मिळतं.

ऑनलाइन बैठकीत हीच अडचण यंत्रामुळे वाढते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर बहुतेक संभाषणं नीट चालतात. समजा ३०० लागले. प्रश्न जाताना ३००, उत्तर येताना ३००, म्हणजे विचारणाऱ्याच्या कानी प्रत्येक उत्तर ६०० मिलिसेकंदांनी उशिरा पडतं. समोरच्याने तत्परतेने "हो" म्हटलेलं असूनही विचारणाऱ्याला आढेवेढे ऐकू येतात. म्हणून पडद्यावरच्या बैठकीत "कोणाचं काही मत?" हा प्रश्न हवेत सोडू नये. नाव घेऊन पाळी द्यावी आणि पुढचं नावही आधीच सांगावं, म्हणजे दुसऱ्या माणसाला तयारीला वेळ मिळतो. सगळ्यांचं मत हवंच असेल तर दोन मिनिटं लिहायला द्यावीत आणि तेवढा वेळ आवाज बंद ठेवावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शांतता हे शस्त्रही असतं. पगार ठरवताना उमेदवार आकडा सांगतो, समोरचा अधिकारी मुद्दाम गप्प राहतो, आणि पाचव्या सेकंदाला उमेदवार स्वतःच म्हणतो, "अर्थात, थोडं कमी-जास्त चालेल." चौकशी करणारेही हे तंत्र वापरतात. मग सूत्रं हातात असलेल्यांना जास्त थांबायला सांगणं म्हणजे त्यांच्या हाती आणखी एक हत्यार देणं नव्हे का? फरक या गोष्टीत आहे की शांततेचं कारण सांगितलं आहे की लपवलं आहे. "मी हे लिहून घेतो, एक मिनिट" म्हणून गप्प बसलेला अधिकारी आणि नजर रोखून गप्प बसलेला अधिकारी, दोघंही तेवढेच सेकंद घेतात. पहिल्याच्या समोरचा माणूस आपला आकडा खाली आणत नाही. आणि अधिकारी कारण सांगत नसेल, तर उमेदवारालाही एक वाक्य उपलब्ध आहे. आकडा सांगून झाल्यावर लगेच म्हणावं, "तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल, मी थांबतो," आणि समोरच्या कागदाकडे पाहत खरोखर थांबावं. आता पाळी कोणाची आहे हे दोघांनाही माहीत असतं.